पाटीवरचं ‘गडाखालचं’

आइस्क्रीमला नाव मी माझ्या डोक्यातून कधी दिलं नाही. बाजारात फळवाला ज्या नावानं हाक देतो तेच नाव खडूनं दुकानाच्या पाटीवर लिहायचं, आणि फळ बाजारातून उठलं की नाव पुसायचं. एवढाच नेम होता. माझी शाळा चौथीत सुटली, पण एवढं लिहायला चौथी पुरते.

दुकान औरंगपुऱ्यात, गल्लीच्या तोंडाला. पॉट आइस्क्रीम. लाकडी बादलीत कल्हईचा उभा डबा, भोवती फोडलेला बर्फ आणि खडे मीठ, वर फिरवायचा दांडा. पुढं दांड्याच्या जागी मोटर आली, बाकी काही बदललं नाही. दूध आटवायचं, पार गार करायचं, डब्यात घालून फिरवायचं, आणि ते जरा धरायला लागलं की फळाचा गर टाकायचा. फळाफळाची तऱ्हा वेगळी. अंजीर ताजं असेल तर आधी शिजवून घ्यावं लागतं, कच्चंच दुधात गेलं की दूध फाटतं. सीताफळाचं उलटं. त्याला आच दाखवली की कडवट होतं, म्हणून ते कच्चंच, आणि सगळ्यात शेवटी.

सकाळी मी शहागंजात जायचो. तिथं बागवानांचे गाडे लागतात. ज्या फळाचा वास गाड्याच्या आधी यायचा ते घ्यायचं. हिवाळ्यात जांब, नंतर अंजीर, रामफळ, मग केसर आंबा. लोक पाटी वाचूनच ओळखायचे की शहागंजात काय उतरलंय. काही जण तर आइस्क्रीम न खाता नुसती पाटी वाचून पिशवी घेऊन बाजाराकडं जायचे. मला त्याचंही बरं वाटायचं.

या नेमामुळं भांडणं झाली नाहीत असं नाही. सिडकोकडं वस्ती वाढली, कारखान्यांत बाहेरगावची माणसं आली. एका हिवाळ्यात पुण्याकडच्या एका बाईंनी पाटीवर ‘जांब’ वाचून मागवलं. कप पुढं ठेवला तर म्हणाल्या, “हे पांढरं कसं? जांभूळ तर जांभळं असतं.”

“जांभूळ कुठं लिहिलंय? जांब लिहिलंय.”

“म्हणजे काय?”

मी आतून एक फळ आणून दाखवलं.

“अहो, हा तर पेरू.”

“तुमच्याकडं असंल. इथं जांबच म्हणतात.”

“मग कंसात पेरू लिहा की, मामा. लोकांना कळेल तरी.”

“लोकांना कळतं. तुम्हाला आता कळलं.”

त्यांचा नवरा हसला, त्या हसल्या नाहीत. पण पुन्हा आल्या, आणि पुढच्या हिवाळ्यात त्यांच्याच तोंडून मी ऐकलं, “जांब आले का?” माझ्या मुलानं सिडकोत दुसरं दुकान टाकलं तेव्हा तिथं ‘पेरू’ लिहिलं. त्यावरून आम्ही काही दिवस बोललो नाही. शेवटी त्यानं ते ठेवलंच. मी त्याच्या दुकानात गेलो की त्या पाटीकडं पाठ करून बसायचो.

सीताफळ मात्र मी शहागंजातून घेत नव्हतो. ते गुलमंडीच्या कोपऱ्यावर एक बाई विकायची. दौलताबादच्या पहिल्या बसनं यायची, टोपली उतरवायची, फळावर ओला कपडा टाकायची. माझ्याच वयाची असंल. नवरा लवकर गेलेला. दिरांची आणि तिची मिळून किल्ल्याच्या पायथ्याशी सीताफळीची बाग होती, पण फळ विकायचं काम तिचंच. बाकीचे ओरडायचे, ‘सीताफळ, सीताफळ’. ही सीताफळ हा शब्दच काढायची नाही. तिची हाक एवढीच, “गडाखालचं घ्या, गडाखालचं.”

फळ दिसायला काही नव्हतं. लहान, काळपट हिरवं, बिया लई. पण गर रवाळ, आणि फोडलं की वास हातावर संध्याकाळपर्यंत राहायचा. त्याचं पहिल्यांदा आइस्क्रीम केलं त्या दिवशी मी पाटीवर तिची हाकच लिहिली. गडाखालचं. मुलगा तेव्हा लहान होता, म्हणाला, “अण्णा, कशाचं ते लिहायचं राहिलं.” मी म्हणालो, खाल्ल्यावर कळंल.

आणि कळलं लोकांना. दसरा जवळ आला की विचारणा सुरू व्हायची, “गडाखालचं आलं का?” लग्न होऊन मुंबईला गेलेल्या पोरी माहेरी आल्या की बॅग घरात टाकून इकडं यायच्या. त्या बाईच्या हाकेतला शब्द शहराच्या तोंडात बसला. तिलाही ते माहीत होतं. मी फळ घ्यायला गेलो की ती बाजूच्या बायांना म्हणायची, “आले बघा. माझं नाव विकून खातेत.”

“अन् तुम्ही काय विकून खाता, बाई?”

“म्या फळ विकते, भाऊ. नाव फुकट देते.”

असं सगळं हसण्यावारी चाललं होतं तोवर पाऊस हटला.

पहिल्या वर्षी कमी पडला, दुसऱ्या वर्षी त्याहून कमी. शहरात नळाला आठवड्यानं पाणी यायला लागलं. बर्फाच्या कारखान्यात लादीसाठी थांबावं लागे. सीताफळीला तसं पाणी कमीच लागतं, उन्हाळ्यात ती पानं टाकून गप उभी राहते. पण फूल धरायच्या वेळेला वरून काही पडलंच नाही तर फूल गळतं, आणि जे फळ धरतं ते सुपारीएवढं होऊन काळं पडून फांदीवरच वाळतं. पहिल्या वर्षी बाईची टोपली अर्धी यायची. दुसऱ्या वर्षी दसरा आला तरी ती गुलमंडीत दिसलीच नाही.

शहागंजात मात्र सीताफळाचे ढीग होते. दुसऱ्या जिल्ह्यातून ट्रकनं आलेलं कलमी फळ. मोठं, पिवळसर, बिया कमी, गर भरपूर. गोडही होतं, उगीच नावं ठेवणार नाही. पण वास नव्हता.

मुलगा क्रेट घेऊन दुकानात आला. त्याच्या सिडकोतल्या दुकानावर त्यानं एव्हाना रंगानं नाव लिहून घेतलं होतं, ‘गडाखालचं सीताफळ’, शेजारी किल्ल्याचं चित्र. खडू नाही, रंग.

“हे फळ घ्या अन् लावा पाटी,” तो म्हणाला. “लोक विचारून विचारून चाललेत.”

“हे गडाखालचं हाय का?”

“अण्णा, गिऱ्हाईक काय झाडाखाली जाऊन बघणारंय?”

“मग चित्र कशाला काढलं? झाडाचं काढायचं, कुठल्याबी.”

“नाव आता फळाचं राहिलं नाही. आपल्या दुकानाचं झालंय. लोक आपल्याला ओळखतात त्या नावानं.”

मी क्रेट ठेवून घेतली. गर काढला, चाळणीवर हातानं घासून, कारण मिक्सरमधून काढला की बिया फुटतात आणि सगळं कडू होतं. आइस्क्रीम केलं. पाटीवर लिहिलं, ‘शहागंजातलं सीताफळ’. आणि सिडकोत जाऊन त्याच्या रंगवलेल्या नावावर वर्तमानपत्र चिकटवून आलो. सुनेसमोर, गिऱ्हाइकासमोर. मुलगा आत निघून गेला.

चार-आठ दिवसांनी ती बाई दुकानात आली. फळ नव्हतं, टोपली नव्हती. बसून पाणी प्याली आणि पाटीकडं बघत राहिली. तिला अक्षर वाचता येत होतं.

“नाव काढलं व्हय, भाऊ?”

“फळ नाय तर नाव कशाचं लिहू?”

“ल्ह्या की. शहागंजातल्या फळावर ल्ह्या. माझी ना नाय.”

मला वाटलं थट्टा करतेय. थट्टा नव्हती. तिनं सांगितलं ते असं. शहर दौलताबादच्या रस्त्यानं सरकत चाललं होतं आणि प्लॉटिंगवाले बागेपर्यंत येऊन गेले होते. दिरांचं मन झालं होतं. त्यांचं म्हणणं, बाग संपली, आता कोण विचारतंय. ती त्यांना सांगायची, शहरात जाऊन बघा, औरंगपुऱ्यात आपल्या बागेचं नाव लागतंय, लोक रांग लावतात. तेवढ्यावर ती त्यांना दोन वर्षं थोपवून होती. परवा दीर शहरात आला, पाटी बघून गेला.

“घरी येऊन म्हनला, वहिनी, तुमचं नाव पुसलंय. आता तरी सही करा.”

मी म्हणालो, “बाई, तुमचं समदं खरं. पण परक्या फळावर तुमचं नाव लिहिणार नाय.”

“नाव माझं. मी देते म्हनते.”

“खाणारा मला विचारंल.”

“आजवर विचारलं का कुणी?”

“मी विचारंल ना मलाच.”

तिनं पुढ्यातला चहा बाजूला सारला. मग अगदी हळू आवाजात म्हणाली, “तुम्ही नाव घेतलं तवा मला विचारलं नव्हतं. आता मी देतेय तर तुम्हाला नको झालंय.”

ती गेली तेव्हा चहा तसाच राहिला होता.

मी हट्टी आहे हे घरात सगळ्यांना माहीत आहे आणि मला त्याची लाज नाही. परक्या फळावर तिचं नाव मी तेव्हाही लिहिलं नाही, आजही लिहिणार नाही. पण त्या दिवसापासून तिच्या नावाविना पाटी बघवेना. दुसऱ्या दिवशी मी वरच्या ओळीत पुन्हा ‘गडाखालचं’ लिहिलं आणि पुढं ‘यंदा नाही’. त्याखाली शहागंजातलं सीताफळ. मला वाटलं, खोटंही नाही आणि नावही राहिलं.

लोक थांबून वाचायचे. “नाही तर लिहिलंय कशाला, मामा?” एकानं विचारलं. मी सांगितलं, झाडं आहेत, पाणी नाही, एवढं लोकांना कळायला नको का. दुसरा म्हणाला, “म्हणजे वर्तमानपत्रच काढलं म्हणा की.” खायचे आणि जायचे. मला बरं वाटत होतं.

बरं वाटणं फार दिवस टिकलं नाही. एका दुपारी तिचा धाकटा दीर आला. शांत माणूस, पांढरी टोपी, हातात पिशवी. कप मागितला, उभ्यानं खाल्ला.

“पाटीचा फोटो काढून नेलाय प्लॉटिंगवाल्यानं,” तो म्हणाला. “आमच्यापुढं धरला. म्हनला, तुमची बाग आटली हे औरंगपुऱ्यातला आइस्क्रीमवाला लिहून देतोय, अन् तुम्ही बागायतीचा भाव मागता? लई उपकार झाले तुमचे.”

तो कप खाली ठेवून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुलाला म्हणालो, मोटारसायकल काढ. त्यानं कुठं म्हणून विचारलं नाही. दौलताबादला जाताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना चुन्याच्या रेघा मारलेली रानं होती, कोपऱ्याकोपऱ्यावर दगड रोवलेले. बागेत पोचलो तर झाडं राखाडी उभी. फांद्यांवर वाळून काळी झालेली फळं, हात लावला की खडखड वाजायची. ती बाई बागेच्या खालच्या अंगाला होती, विहिरीजवळ. तिथं पाच-सहा झाडांना ती टँकरचं पाणी घागरीनं घालत होती. प्यायच्या पाण्यातलं वाचवून. त्या झाडांवर थोडं फळ होतं. लिंबापेक्षा जरा मोठं.

तिनं आम्हाला बघितलं, घागर खाली ठेवली नाही.

“आता काय पुसायचं राहिलंय?”

“हे फळ द्या,” मी म्हणालो.

“हे? बिया नुसत्या. तुमची अब्रू जाईल.”

“माझी जाईल. तुम्ही द्या.”

“पोटात घालायला बरंय, बाजारात मांडायजोगं नाय ते. म्हणून तर आले नाय मी.”

मुलानं तोवर एक पिकलेलं फळ उचलून फोडलं. बिया होत्याच, गर जेमतेम चिकटलेला. त्यानं तो चाखला आणि माझ्याकडं दिला. पाण्याविना वाढलेलं फळ असं गोड होतं की जीभ जड व्हावी. वास तर तोच, वर्षानुवर्षांचा. मुलगा म्हणाला, “मावशी, माझ्या दुकानालाबी द्या.” तिनं त्याच्याकडं बघितलं आणि पहिल्यांदा जरा हसली. “बापाला पुरना, अन् म्हणे माझ्या दुकानाला.”

फळ द्यायला ती कबूल झाली, पण अट घातली. आम्ही उभे, ती विहिरीच्या काठावर बसलेली. म्हणाली, “आता नाव मी सांगंल तवा लिहायचं. फळ धाडलं त्या दिवशी मी म्हणंल, ल्ह्या. संपलं की म्हणंल, पुसा. ‘यंदा नाही’ हे माझ्या बागेबद्दल तुम्ही लिहायचं नाय. बाग माझी हाय, नाही म्हणायचं का नाय ते मी बघंल.”

मला हे गिळायला जड गेलं. पाटी माझी, खडू माझा, दुकान माझ्या हातचं. आयुष्यात मी कुणाच्या सांगण्यावरून पाटीवर अक्षर काढलं नव्हतं. मुलगा माझ्या तोंडाकडं बघत होता. तो म्हणाला, “अण्णा, नाव त्यांच्याच तोंडातलंय. तुम्हीच सांगत आलाय.”

मी बरं म्हणालो.

ती फळं दोन दिवस पेंढ्यात ठेवून पिकवली. गर काढायला आम्ही सगळे बसलो, मी, बायको, मुलगा, सून. बियांचा ढीग मोठा आणि गर लहान पातेल्यात. शहागंजातलं फळ मिसळलं असतं तर दोन पॉट निघाले असते. कुणी तसं सुचवलं नाही. अर्धा पॉट निघाला. बाईनं शेजाऱ्याच्या फोनवरून सांगितलं, “ल्ह्या.” मी लिहिलं, ‘गडाखालचं, थोडं आहे’. दुपार व्हायच्या आत संपलं. ज्यांना मिळालं नाही त्यांतले काही रागावले. एक म्हातारे वकील रिकामा पॉट बघून म्हणाले, आहे म्हणजे झालं, मी पुढच्या वेळी येतो.

सिडकोतल्या दुकानावरचं रंगवलेलं नाव मुलानं स्वतः खरवडलं. चित्र राहिलं, कारण ते खरवडायला गेलं तर भिंत जायची. तिथं त्यानंही खडूची पाटी लावली. पेरू मात्र पेरूच राहिला.

दिरांनी त्यांचा हिस्सा विकला. ते होणारच होतं, अर्ध्या पॉटानं जमीन थांबत नाही. पण तिनं सही केली नाही. विहिरीकडची खालची पट्टी तिच्या वाट्याला राहिली, तेवढी झाडं वाचली. पाऊस पुन्हा आला तेव्हा त्या पट्टीत फळ लागलं. वरच्या अंगाला तोवर घरांचे पाये आले होते.

त्यानंतर किती तरी वर्षं दसऱ्याच्या आसपास सकाळी फोन यायचा. ती नमस्कार-चमत्कार करायची नाही. “ल्ह्या.” मी लिहायचो. कधी मध्येच, फळ चांगलं असतानाही, म्हणायची, “आज पुसा.” का म्हणून मी विचारलं नाही. एकदा मुलानं विचारलं, तर म्हणाली, “पाव्हणे आलेत, घरच्यांना नको व्हय?” गिऱ्हाइकं परत जायची आणि मी पुसलेल्या पाटीखाली बसायचो. आधी मान खाली जायची. मग सवय झाली. पुढं पुढं मी गिऱ्हाइकाला सांगायला लागलो की आज बाईनं नाही म्हटलंय, आणि ते सांगताना माझी मान ताठच असायची.

ती गेली त्या वर्षी तिची सून फोन करायला लागली. तिचा आवाज मऊ, बोलणं शहरी. “मामा, आज लिहा हं.” मग ती माणसं मुलांच्या शाळेसाठी शहरात राहायला आली. पट्टी आहे अजून, त्यांनी विकलेली नाही. बघणारं कुणी नाही.

यंदा पाऊस चांगला झाला. शहागंजात फळ आलंय, दसरा होऊन गेला. माझं दुकान आता मुलगाच बघतो, मी सकाळी येऊन बसतो आणि पाटी तेवढी माझ्याकडं आहे. फोन आलेला नाही, म्हणून वरची ओळ मी कोरी सोडलीय. काल एका बाईंनी विचारलं, “मामा, गडाखालचं यंदा नाही का?”

मी म्हणालो, ते मला सांगता येणार नाही.

“मग कोण सांगणार?”

मी खालची ओळ दाखवली आणि त्यांना शहागंजातलं दिलं.